बाळ कोणाले म्हणायचं

माय,

तू गेली तवा माझ्या पोटात होती ती पोरगी आता दोन लेकरांची माय झाली. एवढंच सांगायचं होतं खरं तं. पण पेन हातात घेतलं अन् वाटलं, एवढ्यासाठी कोण कागद खराब करते? म्हणून बाकीचंबी लिहितो. चौथी शिकलेली बाई मी, जोडाक्षर आलं की अडखळतो. तुले तं अक्षरच येत नव्हतं, म्हणजे माझ्या चुका काढायले तू काही उठून येणार नाहीस. बरंच हाय.

लेक दुसऱ्या बाळंतपणालेबी माझ्याचकडं आली. पहिली पोरगी, माझी नात, चार वर्षांची, सोबत. नातीचं पाळण्यातलं नाव चांगलं लांबलचक ठेवलेलं हाय, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. घरात ती जन्मल्यापासून 'बाळ'. तिची माय बाळ म्हणे, बाप बाळ म्हणे, मीबी बाळच म्हणो. बाळ जेवलं का, बाळ कुठं गेलं, बाळाची चप्पल कुठं हाय. पोट्टी इतकी बोलकी, की गावातल्या बायाच्या भांडणात साक्ष द्यायले उभी राहील. मायच्या पोटाले कान लावून बसे अन् म्हणे, "लवकर ये रे, मी तुले माझा भोवरा देतो." आम्हाले वाटलं, चला, ह्या पोरीले काही समजावायचं कामच नाही. आपण किती शहाणे असतो, माय. भोवरा द्यायले तयार असलेलं लेकरू आपली माय द्यायले तयार हाय, असं समजून बसलो.

मेहकरच्या दवाखान्यातून लेक पोरगा घेऊन आली. ओवाळून घरात घेतली. लेकीची नजर सारी नातीवर. हात पुढं केला तिनं, "ये ना रे माझ्याजवळ." अन् नात माझ्या लुगड्यात तोंड खुपसून उभी. मायकडं पाहिलंबी नाही. लहान्याकडं पाहिलं, त्याचं बोट धरलं, "इवलूसं हाय," म्हणाली. पण मायकडं नाही. मायनं दोनदा हाक मारली तं मले म्हणते, "आजी, मले भूक लागली, तूच भरव." लेकीचा हात तसाच हवेत राह्यला. म्या म्हणलं, थकलं असेल लेकरू. मले खरंच तसं वाटलं.

मग सुरू झालं एकेक. जी पोरगी वर्षापूर्वीच रात्रीची उठून सांगायले लागली होती, ती अंथरूण ओलं करू लागली. ज्या तोंडानं भांडणाची साक्ष दिली असती त्या तोंडानं बोबडं बोलू लागली. "मले पानी पाजे." चमच्यानं पाजा, मांडीवर घेऊन पाजा. चालत नाही म्हणे, कडेवर घ्या. लहान्याले बाटलीनं वरचं दूध देत होतो तं हिलेबी बाटली पाहिजे. अन् लहान्याचे पापे घ्यायची ते इतके दाबून, की त्याच्या गालावर हिचे दात उमटत. आपण ओरडलो की म्हणे, "मी तं लाड करून राह्यली." खोटं नव्हती बोलत. लाडच होता तो, फक्त त्याच्या आत दुसरं काहीतरी कोंबलेलं होतं.

आम्ही काय केलं? जे सारे करतात तेच. उठता बसता तिले सांगितलं, "तू आता ताई झाली ना? ताई असं करते का?" लहान्यानं पुढं ताई म्हणावं म्हणून घरादारानं तिले ताई म्हणायले सुरुवात केली. त्याले बोलता यायले अजून वर्ष पडलं होतं, पण आम्हालेच घाई. अन् त्याचं बारसं लांबलेलं. नाव ठेवायले आत्या पाहिजे, अन् आत्या सुरतेले. तिच्या सुट्टीच्या हिशोबानं पाहू म्हणून राहिलं. मग बिननावाच्या लेकराले काय म्हणायचं? बाळ.

एका दुपारी आमच्या भिंतीपलीकडची आपा आली. तिच्या मालकाचं शिवणकामाचं दुकान हाय, लहान्यासाठी दोन झबली शिवून आणली होती तिनं. दारातूनच तिनं आवाज दिला, "अगं, बाळ कुठंय? दिखाव मेरेकू बाळ!"

नात अंगणात गोट्या मोजत होती. उठली, धावत आली, आपासमोर उभी राह्यली अन् म्हणाली, "हे काय, इथं हाय."

आपा हसली. माझी लेक आतून हसली अन् म्हणाली, "तू नाही रे वेडे, तू तं ताई. बाळ आतमंधी हाय." मीबी हसलो. माय, मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. पोरगी हसली नाही. तिनं एकदा आपाच्या हातातल्या झबल्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या फ्रॉककडं. अन् परत जाऊन गोट्या मोजायले बसली. आपाचं लक्ष तिच्याकडंच राह्यलं. चहा घेता घेता म्हणे, "उसका नाम छीन लिया क्या तुम लोगांनी?" म्या म्हणलं, "आपा, लेकराच्या जातीले काय समजते? दोन दिवसात विसरते."

लेकराची जात काहीच विसरत नाही. हे तुले मी सांगायची गरज नाही.

त्याच आठवड्यात झोळीचं झालं. आड्याले लुगड्याची झोळी बांधलेली, लहाना त्यात झोपलेला. नात दोरी ओढून झोका देऊन राह्यली होती, गाणंबी म्हणत होती. लेक बाजेवर पडून पाहत होती, मी शेगडीत गोवऱ्या घालत होतो. हळूहळू झोका वाढला. मले आधी वाटलं नाद लागला पोरीले. मग पाहिलं, तिचे डोळे झोळीकडं नव्हतेच. मायच्या तोंडाकडं होते. झोका वाढवायचा अन् मायकडं पाहायचं. अजून वाढवायचा अन् पाहायचं. झोळी एका बाजूनं कलंडली, लहाना काठाले आला, अन् लेकीनं कशी उडी घेतली कोण जाणे, ओली बाळंतीण ती, त्याले वरच्यावर झेललं. अन् दुसऱ्या हातानं नातीच्या पाठीत असा धपाटा घातला, की भिंतीवरची पाल पळाली.

नात रडली नाही. रडली लेक. लहान्याले माझ्याकडं टाकून ती स्वयंपाकघरात गेली अन् पाट्यावरवंट्याजवळ बसून राह्यली. मी मागून गेलो. डिंक तळायचा होता लाडवासाठी, तूप गरम करायले ठेवलं होतं, ते जळून राह्यलं होतं. म्या ते उतरवलं. ती बोलत होती ते माझ्याशी नव्हतंच बोलणं.

"तिचे हात मले मोठे वाटते, आई. मी दवाखान्यात गेलो तवा ती एवढीशी होती, परत आलो तं एवढी मोठी दिसली. राकट दिसली. ती जवळ आली की मले वाटते, ह्याले धक्का लागेल. मी तिले दूर लोटतो. आधी लोटतो, मग आठवते की ही माझीच हाय."

म्या म्हणलं, "होते असं."

"आज मले वाटलं, ही इथं नसती तं बरं झालं असतं. एक घडी वाटलं. असं वाटते का कोण्या मायले?"

आता तूच सांग, मी काय बोलणार होतो? कोरडी बाई मी. कोणाच्या पाठीवरून हात फिरवायचा तं तो हात कुठून सुरू करावा ते मले समजत नाही. म्या उपाय सांगितला. म्हणलं, "मेहकरले तिच्या दुसऱ्या आजीकडं धाडून दे. पोरगा जरा अंगानं भरेपर्यंत. तिचीबी करमणूक होईल, तुलेबी आराम. आम्हालेबी असंच धाडलं होतं, मेलो का आम्ही?"

हे बोललो अन् जिभेवर तूच आली, माय. 'मेलो का आम्ही' हे तुझंच बोलणं.

तुले आठवते का, भाऊ झाला तवा मी त्याचं टोपरं चुलीत घातलं होतं? लाल काठाचं होतं. जळताना वास सुटला अन् तू उलथणं घेऊन धावली. माराचं काही नाही, मार तं रोजचा होता. पण त्याच्या मागून तू मले धाड गावाले धाडलं, तुझ्या मायकडं. गावाचं नाव अन् काम एकच, त्याच्यावरून मामा मले चिडवत राहे. पेरणीले गेलो ते कापूस घरात आला तवा परत आलो. मले कोणी सांगितलं नाही की परत न्यायले येणार हाय. मले वाटलं, टोपऱ्याची किंमत म्हणून मले देऊन टाकलं.

तुझी माय मोठेपणी मले सांगे, की मले सोडून तू निघाली ते फाट्यावर जाऊन बसली. एसटी आली, गेली. दुसरी आली, गेली. बायानं विचारलं तं म्हणाली, पायात काटा हाय. शेवटी अंधार पडायले आला तवा उठली. हे ऐकून मले तवा राग आला होता. म्हणलं, एवढंच होतं तं परत येऊन घेऊन जायचं होतं ना, फाटा काय लंकेत होता का?

न्यायले आली तवा तू धाडच्या बाजारातून माझ्यासाठी पिपाणी घेतली. मी तुझ्याशी बोलत नव्हतो. 'माय' म्हणत नव्हतो. तू काही विनवलं नाही, पिपाणी हातात दिली अन् "चाल" म्हणाली. घरी तान्हं लेकरू, अन् तू आणलं काय, तं पिपाणी! मी रागानं ती सारा दिवस वाजवली. भाऊ दचकून दचकून रडे. बाप ओरडला, शेजारीण ओरडली. तू एकदाबी बंद कर म्हणाली नाही. भावाले खांद्यावर घेऊन फिरत राह्यली अन् मले वाजवू दिली. मले लेकीच्या समोर बसून, त्या जळक्या तुपाच्या वासात हे समजलं, की बाजारात चांगली लाकडाची बाहुली मिळत असताना तू पिपाणी काऊन घेतली. तुले कोणी बोलायले शिकवलं नव्हतं. मलेबी तू शिकवलं नाही.

पण समजलं म्हणून लगेच वागता येते असं नाही. मेहकरले जायले काळीपिवळी जीप सांगून झाली होती. लेक हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. सकाळी म्या नातीची पिशवी भरली. चार फ्रॉक, केसाचे रबर, तो भोवरा. तिले सांगितलं, "ताई आता मेहकरले जाणार, मजा करणार." ती म्हणाली, "ताई जाणार?" म्या म्हणलं, "हाव, ताई जाणार." तिनं मान डोलावली. मले वाटलं, पाहा, किती गुणाचं लेकरू हाय.

गाडी दारात आली. ड्रायव्हर गावातलाच पोरगा, भोंगा वाजवत राह्यला. पिशवी सीटवर ठेवलेली, पण पोरीचा पत्ता नाही. अंगणात नाही, न्हाणीत नाही, आपाकडं नाही. ड्रायव्हर म्हणे, "मावशी, ती आली होती ना. पिशवी ठेवली, दार लावलं अन् मले म्हणाली, ताई बसली, ने."

"अन् गेली कुठं?"

"घरातच गेली की."

लेक आतून ओरडली. लहाना तिच्या खांद्यावर होता, म्हणजे झोळी रिकामी पाहिजे. झोळी रिकामी नव्हती. खालपर्यंत लोंबत होती. नात त्याच्यात गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, अंगठा तोंडात. आड्याची गाठ करकरत होती.

म्या म्हणलं, "उठ गं ताई, गाडी आली."

तिनं अंगठा काढला. बोबडं नाही, चांगलं स्पष्ट बोलली. "ताई गेली गाडीत. मी बाळ हाय."

बाहेर भोंगा वाजून राह्यला होता. आम्ही त्या लेकरासोबत काय केलं होतं ते पाह, माय. तिचं नाव काढून दुसऱ्याले दिलं, अन् तिले जे नवं नाव दिलं ते ज्याले मार पडते, ज्याले समजून घ्यावं लागते, ज्याले गाडीत बसवून पाठवतात त्याचं. मग तिनं तिच्या परीनं वाटणी केली. जिले पाठवायचं तिले पाठवून दिलं, अन् जिले ठेवतात ती होऊन झोळीत जाऊन पडली. चार वर्षांच्या डोक्यानं याच्यापेक्षा सरळ मार्ग कोणता काढावा?

लेकीनं लहान्याले माझ्या हातात दिलं. दिलं म्हणजे कोंबलं. खाली वाकली अन् त्या धष्टपुष्ट पोरीले झोळीतून उचललं. म्या ओरडलो, "टाके हाय तुले!" तिनं ऐकलं नाही. पोरीले छातीशी धरलं अन् म्हणत राह्यली, "हाव, तूच बाळ. माझं पहिलं बाळ तूच. तुले कुठंबी नाही पाठवत." तवा ती रडली, माझी नात. त्या धपाट्याचं, दवाखान्याचं, झबल्याचं, सारं एकदम. मायच्या खांद्याले चावली. लेकीनं चावू दिलं.

म्या बाहेर जाऊन पिशवी उतरवली. ड्रायव्हर म्हणे, "मावशी, ताईचं भाडं?" म्या म्हणलं, "चालता हो बे."

त्याच दुपारी सुरतेले फोन लावला. लेकीच्या नणंदेले म्हणलं, "बाई, तुझी सुट्टी तुझ्यापाशी ठेव, ह्या लेकराले नाव पाहिजे." तिले आधी राग आला, मान गेला म्हणून. मग लेकीनं तिले झोळीची गोष्ट सांगितली तं तीबी रडायले लागली. शेवटी बारसं फोनवरच झालं. फोन लहान्याच्या कानाशी धरला अन् आत्यानं सुरतेहून असं जोरात 'कुर्र' केलं, की लहाना दचकून तारस्वरात रडला. नात खदखदा हसली. लहाना घरात आल्यापासून पहिल्यांदा. नाव काय ठेवलं ते तुले सांगत नाही, तुले आवडलं नसतं.

त्या दिवसापासून लहान्याले बाळ म्हणायची बंदी. जो चुकेल त्यानं नातीले कडेवर घेऊन विहिरीपर्यंत जाऊन यायचं. आपा मुद्दाम चुकते. मी चुकतो ते म्हातारपणामुळं.

पण एका नावानं सारं मिटलं असं लिहिलं तं तू म्हणशील, पोरगी मी मेल्यावरबी मले थापा मारते. अंथरूण अजून ओलं होते, पण आधीसारखं रोज नाही. लेक ओरडत नाही, चादर बदलते अन् झोपते. बाटली पाहिजे म्हणाली तं लेकीनं बाटली भरून दिली, मले पटलं नव्हतं ते. नातीनं दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं, "घाण लागते," म्हणाली अन् चहा मागितला. बाटली परत मागितली नाही. दुपारी लहाना झोपला की तो माझ्यापाशी, अन् माय-लेकी दोघीच मागच्या बांधावर जातात. तिथं काय करतात म्हणून एकदा पाहिलं. काहीच नाही. ढेकळं फोडत बसल्या होत्या. नात म्हणाली, "तो मले नाही आवडत. सारखा रडते." माझ्या जिभेवर आलं होतं, असं बोलू नये. पण लेक म्हणाली, "हाव रे, लय रडते. मीबी कटाळतो कधी कधी." नातीनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं एखाद्या परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं. मग जराशानं स्वतःच म्हणाली, "पण त्याले दात नाही ना, म्हणून रडते."

लेकीच्या मनाले जे खाते ते अजून गेलं नाही. नातीच्या पाठीवर हात फिरवताना धपाट्याची जागा चुकवून फिरवते, जसा काही तिथं वळ हाय. म्या तिले पिपाणीची गोष्ट सांगितली. तुझी फाट्यावरची एसटीबी सांगितली. ती म्हणे, "तुझ्या मायनं कधी बोलून नाही दाखवलं?" म्या म्हणलं, "नाही." म्हणे, "मी दाखवीन." अन् खरंच, नातीले समोर बसवून म्हणाली, "तुले मारलं ते चुकलं माझं." पोट्टी म्हणते, "मंग आता मी तुले मारू का?" अन् हळूच एक चापट मारली. हिशोब झाला. इतकं सोपं होतं, माय. आपण दोघींनी उगीच इतकी वर्षं काढली.

आता त्यांची परत जायची वेळ आली. हा कागद कुठं पाठवायचा नाही. पोस्टमन तुझ्यापर्यंत जाईल, पण एकाच वाटेनं, अन् त्या बिचाऱ्याले लहान लेकरं हायेत.

एक राह्यलं. सुरुवातीले नात मायकडं पाहत नव्हती, माझ्याच पदराले धरून होती, माझ्याजवळ झोपे, माझ्याच हातानं जेवे, तवा लेकीसमोर मी तोंड पाडून असे. पण आतून मले गोड लागत होतं. काल दुपारी दोघी माय-लेकी एकीच्या कुशीत एक झोपल्या होत्या, अन् मी ओसरीत एकटी. म्या नातीले हाक मारली, "ये गं, शेंगा भाजल्या तुझ्यासाठी." ती उठली नाही, मायच्या अंगावर पाय टाकून अजून आत शिरली. शेंगा म्या भाजल्याच नव्हत्या. येते का ते पाहायचं होतं फक्त. मग उठलो, अन् चूल पेटवून खरंच भाजायले घेतल्या.